कमरेइतक्या पाण्याशी थांबणारी गळती

वाचकाचं पत्र

*आमचं शेततळं चांदवड तालुक्यात, मुरमाड माळावर आहे. वर ३० बाय ३० मीटर, खोली ३ मीटर. ५ वर्षांपूर्वी ३०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद टाकला. गेली २ वर्षं पाणी टिकत नाही. दिवाळीनंतर भरलेलं तळं दोन महिन्यांत कमरेइतक्या पाण्यावर येतं, मग मात्र तिथंच बरेच दिवस राहतं. द्राक्षाच्या खरड छाटणीला पाणी लागतं तेव्हा टँकर आणावा लागतो. दीर म्हणतात, ५०० मायक्रॉनचा कागद टाकला की विषय संपला. दुकानदारही तेच सांगतो. कडा जवळजवळ उभ्या आहेत, एका कोपऱ्यात कातळ आहे. कडांना उतार दिला तर पाणी कमी मावेल आणि पोकलेनचा खर्च वाढेल, म्हणून घरात कुणी तयार नाही. पैसे एकदाच आहेत. जाड कागद पुरेल का?*

*– एक शेतकरी*

उत्तर

ताई, तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं: पाणी कमरेइतकं झालं की तिथंच राहतं. तुमच्या तळ्याचा अर्धा आजार या वाक्यात सापडतो, म्हणून कागदाच्या जाडीकडे मी नंतर येतो.

पाणी एका उंचीवर येऊन थांबतं याचा अर्थ तळ शाबूत आहे. सगळ्यात खालचं भोक त्या उंचीवर, म्हणजे उतारावर आहे. पाणी त्या भोकाच्या खाली गेलं की गळती थांबते आणि उरलेलं पाणी फक्त उन्हानं उडतं. ते किती उडतं हेही पाहू. हिवाळ्यात दिवसाला ४-५ मिलिमीटर आणि एप्रिल-मेच्या उन्हात ७-८ मिलिमीटर धरलं, तर दोन महिन्यांत पातळी फुटभर, फार तर दीड फूट उतरेल. तुमची पुरुषभर उतरते. उन्हाचा यात थोडा वाटा आहे, बाकी सगळं मुरमात जातं.

ज्यांच्या तळ्याचं असं स्पष्ट दिसत नाही, त्यांनी आधी बादली लावून पाहावी. बादलीत काठोकाठ नाही, पण वरच्या भागापर्यंत पाणी भरायचं आणि ती दोरीनं बांधून तळ्याच्याच पाण्यात, काठाजवळ, तोंड वर राहील अशी धरून ठेवायची. बादलीच्या आत आणि तळ्याच्या काठाला खडूनं खूण करायची. आठ दिवसांत दोन्हीकडचं पाणी सारखंच उतरलं तर ती वाफ आहे, कागदाला दोष देऊ नका. तळ्याचं जास्त उतरलं तर फरकाइतकी गळती आहे. या आठ दिवसांत उपसा आणि भरणा दोन्ही बंद ठेवायचे, नाहीतर मापाला अर्थ उरत नाही.

तुमच्याकडे आता पाणी थांबलेलं असेल तर चारही बाजूंनी पाण्याची रेघ कागदावर चुन्यानं आखून घ्या. तळं मोकळं झालं की या रेघेच्या वर-खाली हातभर पट्टा बोटांनी चाचपत जा. भोक तिथं सापडेलच. वरच्या भागातही दोन-चार असतील, पण खालचं भोक सगळ्यात जास्त पाणी घालवतं. मग तेवढा भाग कापून उलटा करा आणि त्याची खालची बाजू पाहा. माझ्या पाहण्यातल्या एका तळ्यावर आम्ही असाच तुकडा कापला होता. वरून फक्त नखाएवढी चीर होती. खालून मात्र चिरेभोवती वाटीएवढा पांढरट, ताणलेला गोल होता आणि त्याच्या मधोमध मातीतून वर आलेला एक टोकदार दगड. दगडानं कागद एका दिवसात फाडला नव्हता. दोन वर्षं पाण्याच्या भारानं कागद त्या दगडावर आवळत गेला होता, आणि दगडाच्या शेजारच्या खळग्यात दाबला जात होता.

तुमच्या घरातला वाद खरं तर इथेच सुटतो. आपण समजतो की कागद पाणी धरून ठेवतो. प्रत्यक्षात कागद पाणी फक्त आत झिरपू देत नाही. भार सगळा खालची माती पेलते. ३ मीटर पाण्याखाली दर चौरस मीटरला ३ टन वजन असतं. माती सपाट आणि घट्ट असेल तर ३०० मायक्रॉनचा कागदही ते वजन सहज खाली पोचवतो. पण जिथं माती नाही, पोकळी आहे, तिथं तो भार कागदालाच पेलावा लागतो. ३०० मायक्रॉन असो वा ५००, प्लास्टिक अशा जागी हळूहळू ताणत जातं आणि शेवटी फाटतं. ५०० ला थोडा उशीर लागेल, एवढाच फरक.

म्हणून दिरांचं म्हणणं चुकीचं नाही, अपुरं आहे. ५०० मायक्रॉनचाच कागद घ्या, तो उन्हाला आणि टोचण्याला जास्त तोंड देतो. घेताना त्यावर आयएस १५३५१ हे मानक छापलेलं आहे का पाहा, हे शेततळ्याच्या विणलेल्या, लॅमिनेट केलेल्या एचडीपीई कागदाचंच मानक आहे. पण त्याच उभ्या कडांवर तो टाकलात तर पाच वर्षांनी हेच पत्र पुन्हा लिहावं लागेल. बहुतेक वॉरंटी कागदाच्या उत्पादनातल्या दोषाला असते. खालून दगड लागून फाटला तर ती लागू होत नाही. दुकानदाराकडून हे लेखी विचारून घ्या.

आता कडांना उतार दिला तर पाणी कमी मावेल, या भीतीचा हिशोब करून पाहू. तुमच्या कडा ३ मीटर खोलीला दीड मीटर आत येतात असं धरतो. मग तळ २७ बाय २७ मीटरचा होतो आणि तळ्यात सुमारे २४ लाख ४० हजार लिटर मावतं. वरचं माप तेवढंच ठेवून उतार १:१ केला, म्हणजे ३ मीटरला ३ मीटर आत, तर तळ २४ बाय २४ आणि पाणी सुमारे २२ लाख लिटर. १:१.५ केला, म्हणजे ३ मीटरला साडेचार मीटर आत, तर तळ २१ बाय २१ आणि पाणी १९ लाख ७० हजार. कागदावर ४ लाख ७० हजार लिटर कमी दिसतात. पण आज तुमच्या हातात काय राहतं? कमरेइतक्या पाण्याचा, मीटरभर खोलीचा, हिशोब केला तर साडेसात लाख लिटरच्या आसपास. तुम्ही २४ लाखांचं तळं भरता आणि छाटणीला ७ लाख वापरता. त्यापेक्षा २० लाखांचं तळं, ज्यातून वाफेखेरीज काही जात नाही, कितीतरी मोठं आहे.

दुसरा हिशोब कागदाचा, तो घरच्यांना जरूर दाखवा. उभ्या कडेच्या खड्ड्यात तळ २७ मीटर आणि दोन्ही कडांची तिरकस लांबी मिळून जवळपास पावणेसात मीटर. वर काठावर आणि चरात गाडायला दोन्हीकडे २-२ मीटर धरले तर पावणेअडतीस मीटर कागद लागतो. १:१.५ उताराला तळ २१, दोन्ही तिरक्या बाजू मिळून पावणेअकरा आणि गाडायचे ४, असे पावणेछत्तीस. दोन्ही दिशांनी दोन-दोन मीटर वाचतात. १,४२० चौरस मीटरऐवजी साधारण १,२८० चौरस मीटर. वाचलेल्या कागदाचे पैसे पोकलेनच्या तासांना लागतील. सगळा खर्च निघणार नाही, पण घरातला आकडा तेवढा हलका होईल.

मग उतार १:१ ठेवायचा की १:१.५? इथं एकच उत्तर देणं मला पटत नाही. जिथं कापलेला कडक मुरूम आहे तिथं १:१ चालतो. जिथं भराव घालून बांध उचललाय किंवा मऊ माती आहे तिथं १:१.५ पेक्षा उभं करू नका. कुठली बाजू कशी आहे हे ओळखायला कडेवर चार-पाच घागरी पाणी ओता आणि दुसऱ्या दिवशी पहारीनं टोचून पाहा. पहार सहज रुतली आणि ढेकूळ सुटलं, तर ती बाजू मऊ धरा. माळावरच्या तळ्यात बहुधा वरचा भाग भरावाचा आणि खालचा कापलेला असतो. तेव्हा दोन्ही ठिकाणी वेगळा उतार पडला तरी हरकत नाही, फक्त मध्ये पायरी राहू देऊ नका.

भरावाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण बरेच कागद तिथंच फाटतात. पोकलेननं माती उपसून काठावर टाकली की ती आतून फुगीर असते. पहिल्या पावसात ती बसते, चांगली वीतभर बसू शकते. वर कागद चरात गाडून पक्का केलेला असतो, खाली पाण्यानं दाबलेला असतो. मधली माती खाली गेली की कागद अधांतरी ताणला जातो. त्यामुळे भराव १५-२० सेंटिमीटरच्या थरांनी घाला, प्रत्येक थरावर पाणी मारा आणि रोलर फिरवा. रोलर नसेल तर ट्रॅक्टरचं भरलेलं ट्रेलर मागं-पुढं न्या, कोपऱ्यात धुम्मस मारा. तुमचा बांध ५ वर्षं जुना आहे, तो बसलेला आहे; त्याला शक्यतो हात लावू नका. नव्यानं घालाल त्याच भागाला ही मेहनत लागेल.

कोपऱ्यातल्या कातळाकडे खास लक्ष द्या. पोकलेनच्या ब्रेकरनं फोडलेल्या कातळाला धारदार कंगोरे राहतात आणि मध्ये खोल फटी. उंचवटे छिन्नीनं किंवा पहारीनं मोडून टाका. फटी आणि खळगे बारीक मुरूम-मातीच्या ओल्या गिलाव्यानं भरून, थापून वाळू द्या. वर जिओटेक्स्टाईलचं जाड कापड अंथरा. जिओटेक्स्टाईल परवडत नसेल तर तुमच्या जुन्या कागदाचे धड तुकडे तिथं दुपदरी टाका. असे तुकडे फक्त गादी म्हणून वापरायचे. जुन्या कागदाची भोकं जोडून तोच पुन्हा वापरावा का, असं कुणी विचारेल. एखादी चीर असेल तर गरम हवेच्या यंत्रानं ठिगळ लागतं. जागा धुऊन कोरडी करायची आणि ठिगळ चिरेच्या चारही बाजूंनी वीतभर मोठं घ्यायचं. साधा डिंक, सोल्यूशन या प्लास्टिकला धरत नाही. पण ५ वर्षं उन्हात राहिलेला, जागोजागी ताणलेला ३०० मायक्रॉनचा कागद ठिगळं लावून जगवणं तुमच्या बाबतीत मला शहाणपणाचं वाटत नाही.

बाकी तळावर आणि उतारावर दगड-गोटे, मुळं, काड्या वेचून घ्या. लव्हाळ्याचे गड्डे असतील तर खणून काढा. मल्चिंग पेपरला ते कसं भोक पाडतात हे तुम्ही पाहिलंच असेल. त्यावर चाळलेल्या मातीचा १० सेंटिमीटरचा थर द्या, पाणी शिंपडून दाबा. काळी माती या थराला वापरू नका. ती सुकली की तडकते, ओली झाली की फुगते, आणि कागद तिच्याबरोबर हलत राहतो. पोयट्याची किंवा मुरमाची बारीक माती चांगली. तळ आणि उतार जिथं मिळतात तिथला कोपरा काटकोनी ठेवू नका, घमेल्याच्या बुडासारखा गोल करा. काटकोनात कागद कधीच पूर्ण टेकत नाही आणि मागं पोकळी राहते.

काम झालं की एक करा: चप्पल काढून सगळ्या खड्ड्यातून अनवाणी चाला, तळावरून आणि उतारावरूनही. जिथं पायाला टोचेल तिथं कागदाला टोचेल. हे काम ज्यांना पैसे द्यायचेत त्यांच्यावर सोपवू नका, स्वतः चाला.

अजून एक पाहायचं राहिलं. ऑगस्टमध्ये तुमच्या जवळच्या विहिरीचं पाणी तळ्याच्या बुडापेक्षा वर येतं का? मुरमाड माळावर पावसाळ्यात असं होतं. तेव्हा तळं रिकामं असेल तर खालचं पाणी कागदाला फुगवून वर उचलतं, तळाच्या मधोमध मोठा फुगा दिसतो, आणि जोड उसवतात. विहीर खाली असेल तर चिंता नाही. वर येत असेल तर तळाच्या मातीखाली खडी भरलेला एक चर आणि त्यातून बाहेर पडणारा पाईप आधीच टाकून घ्या, आणि पावसाळ्यात तळं कधीच पूर्ण रिकामं ठेवू नका.

कागदाची ऑर्डर खड्डा पूर्ण झाल्यावरच द्या. मोजमाप नकाशावरून करू नका. टेप उतारावरून खाली, तळावरून पलीकडे, पुन्हा वर असा अंथरा, दोन्ही दिशांनी तीन-तीन ठिकाणी मोजा आणि सगळ्यात मोठा आकडा धरा. त्यात गाडायचे ४ मीटर आणि मीटरभर सैल वाढवा. तुमच्या मापाचं तळं एकसंध, कारखान्यातच जोडलेल्या कागदानं झाकता येतं, तसाच मागा. शेतावर वाऱ्यात आणि धुळीत मारलेला जोड तितका खात्रीचा होत नाही. त्याचं वजन ६०० किलोच्या वर जाईल, म्हणून १५-२० माणसं लागतील. सगळ्यांनी अनवाणी उतरायचं. घडी बांधावर ठेवून तिथूनच उलगडत न्यायची, जमिनीवरून फरफटत न्यायची नाही.

टाकायचा तो सकाळी, वारा पडलेला असताना. भर दुपारी टाकलेला कागद तापून फुललेला असतो. तेव्हा ताठ दिसतो तो थंडीत आखडतो. ३६ मीटर लांबीचा कागद ३० अंशांच्या फरकात वीतभर आखडतो. आपल्या जिल्ह्यात हा फरक लहान नाही. निफाडचा पारा जानेवारीत ५-६ अंशांवर येतो, आणि मेच्या दुपारी हाच काळा कागद हाताला चटका देतो. म्हणून सैल ठेवा, हलक्या सुरकुत्या पडू द्या.

काठापासून मीटरभर मागं अर्धा मीटर रुंद, अर्धा मीटर खोल चर खणा. कागदाची कड त्यात सोडा, पण चर लगेच बुजवू नका. वर मातीनं भरलेल्या गोण्या ठेवून कागद तात्पुरता धरा. आधी तळ्यात गुडघाभर पाणी सोडा, मग हळूहळू निम्म्यापर्यंत. पाण्याच्या वजनानं कागद आपोआप सरकून खड्ड्याला टेकतो. कुठं ताणलेला दिसला तर त्या बाजूच्या गोण्या सैल करा. तो पूर्ण बसला की मग चर मातीनं भरून दाबा. पुष्कळ ठिकाणी घाईनं आधीच चर बुजवतात आणि मग कागदाला सरकायला जागाच राहत नाही. ज्यांना मजुरी देऊन त्याच दिवशी मोकळं करायचं असतं त्यांना हे अवघड वाटतं, पण गोण्या उचलायला दोन माणसं आठवडाभरानं पुन्हा बोलावणं परवडतं.

पाईपसाठी कागदाला भोक पाडू नका. उपसा काठावरून मोटरनं किंवा सायफननं घ्या. भरणाऱ्या पाईपचं पाणी जिथं पडतं तिथं उतारावर कागदाचा जादा तुकडा अंथरा.

वेळेचं सांगायचं तर खरड छाटणी उरकली आणि तळं मोकळं झालं की एप्रिलच्या शेवटी पोकलेन लावा. मेच्या मध्यापर्यंत उतार आणि गिलावा, मेअखेर कागद. पैसे खरंच एकदाच असतील आणि काही मागं ठेवावंच लागलं, तर कागद एक वर्ष मागं ठेवा. खड्डा नीट करून एक पावसाळा तसाच बसू द्या आणि पुढच्या मेमध्ये कागद टाका. टँकरचं आणखी एक वर्ष जाईल. जाड कागद आधी आणि खड्डा नंतर, हा क्रम मात्र स्वीकारू नका. टाकलेला कागद उचलून खड्डा दुरुस्त करणं म्हणजे तो कागद गमावणंच आहे.

आणि तळ्याभोवती जाळीचं कुंपण कागद टाकण्याच्या आदल्या दिवशी उभं राहिलं पाहिजे, नंतर नाही. ओल्या कागदाच्या उतारावर चांगल्या पोहणाऱ्यालाही पाय रोवता येत नाही. आपल्याकडे शेततळ्यात बुडाल्याच्या बातम्या त्यामुळेच येतात. चारही बाजूंना काठावर लोखंडी खुंट रोवून त्यांना जागोजागी गाठी मारलेले जाड दोर बांधा, टोक तळापर्यंत पोचेल एवढे लांब. दोराला हवा भरलेली जुनी ट्यूब अडकवा. कागदाला न घासतील अशा जागी ते सोडा आणि दर उन्हाळ्यात दोर ओढून पाहा, उन्हानं कुजलेला असेल तर त्याच दिवशी बदला.